पीटीच्या सरांनी पालकांना काय सांगितलं, आणि काय सांगायचं राहिलं

मंडळी, गेल्या शनिवारी आपल्या गावातल्या एका शाळेत पालकसभा झाली. पेपरात तिची बातमी चार ओळींत आली. 'पालकांना आहाराविषयी मार्गदर्शन, मोठ्या संख्येने उपस्थिती', एवढंच. पेपरात जागा तेवढीच असते, त्याला इलाज नाही. पण त्या सभेत खेळाचे सर पाऊण तास जे बोलले, ते चार ओळींत मावणारं नव्हतं. म्हणून इथे सविस्तर लिहितोय. पोस्ट मोठी आहे. घरात आठ ते पंधरा वयाचं पोर असेल तर सवडीने पूर्ण वाचा.

शाळेचं आणि सरांचं नाव मुद्दाम देत नाही. कारण सरांनी उदाहरणं खऱ्या पोरांची दिली आणि नावावरून कुणाची ओळख पटायला नको. गावातल्या काहींना अंदाज येईलच. आला तरी कॉमेंटमध्ये नाव लिहू नका, ही विनंती.

सभा का घ्यावी लागली, ते आधी सांगतो. यंदा पाचवी ते नववीच्या काही पोरांना घरच्यांनी 'डाएट'वर घातलं आहे, हे सरांच्या लक्षात आलं. कुणी येऊन सांगितलं नाही, मैदानावर दिसलं. परिपाठाला उभं असताना एका पोरीला चक्कर आली. एक पोरगा, जो मागच्या वर्षी जाड असूनही कबड्डीत भिंतीसारखा उभा राहायचा, तो दोन राउंड मारून खाली बसायला लागला. आणि मधल्या सुट्टीत एका पोरीच्या डब्यात काकडीच्या चार चकत्या आणि एक उकडलेलं अंडं, बास. ती म्हणाली, "मम्मीने भात-पोळी बंद केलीय. मावशीच्या लग्नापर्यंत."

सर म्हणाले, "पालकांना मी दोष देत नाही. पोराचं वजन वाढलं की सगळ्यात आधी नातेवाईक बोलतात, मग शेजारी बोलतात, मग आपण मोबाईल उघडतो. मोबाईलवर बाराशे कॅलरीचा तक्ता मिळतो आणि तो फ्रिजवर चिकटतो. पण तो तक्ता कुणासाठी आहे? तो पस्तिशी-चाळिशीतल्या माणसाचा आहे. त्याची वाढ संपलेली आहे. तुमच्या पोराची चालू आहे."

मग त्यांनी आकडा दिला. राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० साली भारतीयांसाठी जी शिफारस केली, त्यात १० ते १२ वयाच्या मुलीला दिवसाला साधारण २०६० कॅलरी लागतात, मुलाला २२२०. सरकारी पोषण आहाराच्या नियमातसुद्धा सहावी ते आठवीच्या पोराला शाळेतल्या एका जेवणातून ७०० कॅलरी द्यायच्या असतात. म्हणजे एका जेवणाला ७०० आणि आपण अख्ख्या दिवसाला १२०० देतोय. उरलेलं शरीर कुठून आणणार? थोडं चरबीतून आणतं, थोडं स्नायूतून आणतं, आणि ज्या वर्षांत हाडं आणि उंची वाढायची, तिथली काटकसर करतं. आपल्याला काट्यावर फक्त 'दोन किलो कमी' दिसतं. ते कुठून कमी झालं, हे काटा सांगत नाही.

यानंतर सरांनी फळ्यावर जे गणित मांडलं, ते मला संपूर्ण भाषणातलं सगळ्यात मोलाचं वाटलं. मागच्या वर्षीच्या एका मुलीचं. नाव, वर्ग काही सांगितलं नाही.

मुलगी ११ वर्षांची. जून महिन्यात उंची १४२ सेंटीमीटर, वजन ४३ किलो. बीएमआय काढायचा म्हणजे वजनाला मीटरमधल्या उंचीने दोनदा भागायचं. ४३ भागिले १.४२, पुन्हा भागिले १.४२. उत्तर आलं २१.३. मोठ्या माणसाच्या हिशोबाने हा आकडा अगदी छान आहे. पण पोरांचा हिशोब वेगळा, त्यांची रेघ वयाप्रमाणे सरकत जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यात ११ वर्षांच्या मुलीसाठी 'जास्त वजना'ची रेघ साधारण २० वर आहे. म्हणजे ही मुलगी रेघेच्या वर होती. आईची काळजी खोटी नव्हती.

आईने विचारलं, किती किलो कमी करू? सर म्हणाले, एकही नाही. एक वर्ष वजनाकडे बघूच नका, मी सांगतो तेवढंच करा. घरात जेवणाच्या वेळा बदलल्या, गोड पाणी बंद झालं, पोरगी रोज संध्याकाळी मैदानावर यायला लागली. पुढच्या जूनला मोजलं तेव्हा उंची १४९ आणि वजन ४५. वजन वाढलं होतं! आईचा चेहरा पडला. सरांनी पुन्हा गणित केलं. ४५ भागिले १.४९, पुन्हा १.४९. उत्तर २०.३. आणि १२ व्या वर्षी रेघ वर सरकून २०.८ झालेली. वजन दोन किलो वाढूनसुद्धा पोरगी रेघेच्या खाली आली होती. एक दिवसही उपाशी न राहता.

ह्याचं कारण उंची. मुलींची उंची साधारण अकरा-बाराव्या वर्षी सगळ्यात वेगाने वाढते, मुलांची तेरा-चौदाव्या वर्षी. त्या काळात वर्षाला सात-आठ सेंटीमीटर सहज जातात. पोराचं वजन फार न वाढू देता नुसतं धरून ठेवलं, तरी उंची आपलं काम करते. मोठ्या माणसाला ही सोय नाही, म्हणून त्याला घटवावं लागतं. पोराला ती आहे, आणि डाएट नेमकी तीच सोय मोडतं.

सरांनी इथे एक प्रामाणिक गोष्टही सांगितली, तीही लिहितो, नाहीतर अर्धवट होईल. ही सोय कायमची नाही. मुलीला पाळी सुरू झाल्यावर उंची साधारण पाच ते सात सेंटीमीटरच वाढते. त्यामुळे पंधरा वर्षांच्या मुलीला 'उंची वाढली की होईल सगळं बरोबर' म्हणत बसण्यात अर्थ नाही. आणि काही खुणा दिसल्या तर पीटीचे सर नव्हे, डॉक्टर गाठायचे. मानेच्या मागची कातडी काळपट, जाडसर, मखमलीसारखी होणं (घासून जात नाही, तो मळ नसतो), झोपेत मोठ्याने घोरणं आणि मध्येच श्वास अडकणं, गुडघे किंवा खुबा दुखून लंगडणं, सारखी तहान आणि सारखी लघवी, पाळी महिनोन्महिने न येणं. यातलं काही असेल तर बालरोगतज्ज्ञांकडे जायचं. डॉक्टर आहार ठरवून देतील तो उपचार, मोबाईलवरचा तक्ता नाही.

आता डाएट केल्यावर पुढे काय होतं. सर म्हणाले, "मी तुम्हाला पोरांचा दिवस सांगतो." आपल्याकडे शाळा अकरा ते पाच. पोर सकाळी चहा-खारी किंवा चहा-बिस्कीट खाऊन निघतं. डबा अर्धा येतो, कारण मधल्या सुट्टीत खेळायचं असतं. साडेपाचला घरी येतं तेव्हा पोटात आग पडलेली असते. आई कामात किंवा कामावर. घरात जे हाताला लागेल ते, म्हणजे कुरकुरे, फरसाण, दोन मिनिटांच्या शेवया. मग भूक मेली म्हणून जेवण साडेनऊला, टीव्हीसमोर, आणि लगेच झोप. सकाळी पोट जड, म्हणून पुन्हा नुसता चहा. ह्या चक्रात डाएट घातलं की दिवसाची उपासमार आणखी वाढते आणि संध्याकाळचा हल्लाही वाढतो. फक्त आता तो लपून होतो. दप्तराच्या तळाशी चॉकलेटचे कागद सापडतात, गादीखाली पुडा सापडतो. आईला वाटतं पोर खोटारडं झालं. पोर खोटारडं नाही, पोर भुकेलं आहे.

सभेनंतर मी स्वतः थोडं वाचलं. अमेरिकेत ९ ते १४ वयाच्या जवळपास पंधरा हजार पोरांचा काही वर्षं पाठपुरावा केलेला एक अभ्यास २००३ साली आला. त्यात डाएट करणाऱ्या पोरांचं वजन, न करणाऱ्यांपेक्षा पुढे जास्तच वाढलेलं निघालं, आणि अधाशासारखं खाण्याचं प्रमाणही त्यांच्यात जास्त होतं. आता, ज्यांचं वजन वाढण्याकडे कल असतो तीच पोरं डाएट करतात, असंही कुणी म्हणू शकेल. म्हणून एवढ्यावरून शेवटचा निकाल देता येत नाही. पण निदान डाएटने पोरं बारीक होतात याला आधार त्यात नाही. तिथल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१६ मध्ये डॉक्टरांना स्पष्ट सांगितलं की किशोरवयीन मुलांना डाएट आणि जेवण चुकवण्यापासून परावृत्त करा, घरी एकत्र जेवायला सांगा, आणि आईवडिलांनी वजनाचा विषय काढूच नये. आपल्या गावातले पीटीचे सर नेमकं हेच बोलत होते.

मग करायचं काय? सरांनी पथ्यांची लांबलचक यादी दिली नाही, आणि ते बरं केलं. यादी फ्रिजवरच राहते. त्यांनी एकच वेळ धरली, साडेपाचची. "बाकी काही बदलू नका. पोर घरी येतं तेव्हा खरं जेवण तयार ठेवा. सकाळची भाकरी, वर दही आणि शेंगदाण्याची चटणी. नाहीतर मटकीची उसळ. नाहीतर थालीपीठ. काहीच नसेल तर फुटाणे-गूळ आणि एक केळं. पोटभर खाऊ द्या. साडेपाचला पोट भरलं की सहाला पोर मैदानावर पळू शकतं, आठला परत भूक लागते आणि साडेआठला सगळ्यांबरोबर जेवतं. सकाळी उठल्यावर भूक असते. एक वेळ सुधारली की चार वेळा आपोआप सुधारतात."

दुसरा नियम वाढण्याचा. काय शिजवायचं, किती वाजता बसायचं आणि कुठे बसायचं, हे मोठ्यांनी ठरवायचं. ताटातलं किती खायचं, हे पोराने ठरवायचं. "आणखी एक पोळी घे ना" नको आणि "बास आता, किती खातोस" पण नको. ही विभागणी एलिन सॅटर नावाच्या अमेरिकन आहारतज्ज्ञ बाईंनी मांडली, आता बऱ्याच ठिकाणी डॉक्टर तीच सांगतात. ऐकायला सोपी आहे, पण आपल्या घरात दोन्ही टोकं चालतात. तीन वर्षांचं असेपर्यंत पाठीमागे घास घेऊन फिरायचं, आणि दहा वर्षांचं झालं की ताटातला घास मोजायचा. दोन्हीत पोराला एकच गोष्ट शिकवली जाते, की तुझ्या पोटाचं ऐकू नको.

तिसरा, गोड पाणी. कोल्ड्रिंकच्या बाटलीवर मागे बारीक अक्षरात १०० मिलीला किती साखर ते छापलेलं असतं. साधारण दहा-अकरा ग्रॅम असेल तर २५० मिलीच्या बाटलीत पाच चमचे साखर झाली. सरांनी एका ग्लासात पाच चमचे साखर टाकून दाखवली, सभागृहात कुजबुज झाली. पण त्यांनी लगेच जोड दिली. "बंदी घालू नका. लग्नात प्यायलं तर पिऊ द्या. फक्त फ्रिजमध्ये आणून ठेवू नका. घरात असलेली वस्तू पोराला नाकारायची म्हणजे रोज भांडण. घरात नसलेल्या वस्तूवर भांडण नाही." आणि नियम सगळ्या घराला एकच. जाड्या पोराला उसळ आणि बारीक भावाला वेफर्स, असं केलं तर ती उसळ राहत नाही, शिक्षा होते.

इथे एक ताई उठल्या. त्यांचा प्रश्न मला अजून आठवतोय. "सर, माझी एक पोरगी जाड आहे आणि एक काडीसारखी आहे. दोघींना एकच कसं वाढू?" सर म्हणाले, "ताई, एकच वाढा. बारकीला जे कमी पडतंय तेही डाळ, उसळ, अंडं, दूध, भाजी हेच आहे. मोठीला जे जास्त झालंय ते पाकिटातलं आहे. भाकरी-उसळ दोघींचंही औषध आहे." आपल्या राज्यात पाच वर्षांखालची तीनातली एकाहून जास्त मुलं वयाच्या मानाने उंचीत खुजी आहेत, हे २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आलेलं आहे. त्याच वर्गात जाड पोरंही बसतात. अशा वर्गापुढे 'कमी खा' म्हणून भाषण ठोकलं तर ते ऐकणार कोण? ज्याला कमी खायची गरज नाही तेच.

आता मैदान. सरांचं हे बोलणं ऐकताना मला वाटलं, की हा माणूस स्वतःच्या खात्यालाही सोडत नाही. ते म्हणाले, पोरांनी दिवसातून एकूण साठ मिनिटं धाप लागेल असं हललं पाहिजे, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. ओळखायचं कसं? हलताना बोलता येतं पण गाणं म्हणता येत नाही, एवढी धाप. सलग साठ नको, तुकड्या-तुकड्यांत चालेल. मग त्यांनी घड्याळ लावून स्वतःचाच पीटीचा तास मोजला. तास ३५ मिनिटांचा. वर्गातून रांगेत येईपर्यंत पाच गेली, परत जायला पाच. उरली पंचवीस. वर्गात ६० पोरं आणि व्हॉलीबॉल एक. बारा जण खेळतात, बाकी ४८ जण कट्ट्यावर बसून 'सर्व्हिस माझी' ओरडतात. लांब उडी घेतली तर आणखी वाईट. रांगेत उभं राहून एकेकाच्या दोन उड्या होतात, म्हणजे पंचवीस मिनिटांत प्रत्यक्ष हालचाल एक मिनिटसुद्धा नाही. आणि कट्ट्यावर बसणारे कोण? जाड पोरं, लाजरी पोरं आणि आठवी-नववीच्या बहुतेक पोरी. ज्यांना सगळ्यात जास्त गरज तेच.

म्हणून त्यांनी तासाची रचना बदलली. बॉल पिशवीतच. साखळी-साखळी, लंगडीचे चार गट एकाच वेळी, दोरीउड्या जोडीने, डबा-ऐसपैस. नियम असा, की बाद झालेला पोरगा बाहेर बसत नाही, दुसऱ्या खेळात जातो. कारण बाद होणारा नेहमी सगळ्यात हळू पळणारा असतो, आणि आपण त्यालाच बसवून ठेवतो. पुन्हा मोजलं तर तेच पोर पंधरा-सोळा मिनिटं हलत होतं. साठातली पंधरा झाली. उरलेली पंचेचाळीस घरच्यांची. शाळेत सायकलने किंवा चालत येणं, आणि संध्याकाळी गल्लीत खेळणं.

एक गोष्ट त्यांनी शाळेपुरती ताबडतोब बंद केली, ती म्हणजे शिक्षा म्हणून राउंड मारायला लावणं आणि उठाबशा काढायला लावणं. गृहपाठ नाही केला, मार दोन राउंड. पोर काय शिकतं? पळणं ही शिक्षा आहे. घरीही तेच. "एवढं खाल्लंस ना, आता जा पळ." खेळ हा खाल्ल्याचा दंड नाही. आणि जाड्या, ढोल्या, भोपळ्या ही नावं मैदानावर बंद. टोपणनाव चिकटलेलं पोर मैदानावर यायचं थांबतं, आणि यायचं थांबलं की वजन वाढतं. चेष्टेने आजवर कुणी बारीक झाल्याचं त्यांनी पाहिलं नाही, असं ते म्हणाले.

इथपर्यंत सरांचं भाषण. आता माझं मत.

सर बोलले ते सगळं मला पटलं. पण पाऊण तासाच्या भाषणात सगळा भार कुणाच्या डोक्यावर गेला ते बघा. सभागृहात दर दहा खुर्च्यांपैकी आठ खुर्च्यांवर आया बसल्या होत्या. बाप लोक गेटबाहेर गाड्यांवर, सभा संपायची वाट बघत. साडेपाचची भाकरी आईने ठेवायची, फ्रिज आईने रिकामा ठेवायचा, वजनाबद्दल आईने बोलायचं नाही. आणि रात्री नऊला येताना कॅरीबॅगमध्ये वेफर्सचे पुडे आणि कोल्ड्रिंक घेऊन येतो कोण? आपणच. दिवसभर घरी नसतो, त्याची भरपाई म्हणून आणतो. पोर उडी मारून मिठी मारतं, बरं वाटतं, आणि दिवसभर आईने जे धरून ठेवलं ते दोन मिनिटांत सुटतं. बापांनो, पुढच्या सभेला गाडीवरून उतरून आत या. आणि घरी येताना पेरू आणा, शेंगा आणा, किंवा रिकाम्या हाताने या आणि पोराबरोबर अर्धा तास बॅडमिंटन खेळा. मिठी तरीही मिळते.

दुसरं, सर सरकारी शिस्तीतले, त्यामुळे जे बोलले नाहीत ते मी बोलतो. साठ मिनिटं खेळा म्हणताय, पण कुठे? वेळापत्रकात पीटीचे तास छापलेले आहेत. जानेवारी उजाडला की दहावीचे तास गणिताला जातात, मग नववीचे विज्ञानाला. एकाही पालकाची तक्रार येत नाही, उलट शाळा सिन्सियर आहे म्हणून कौतुक होतं. शाळेचं मैदान पाचला कुलूपबंद, कारण राखायला माणूस नाही. मोकळी जागा म्हणाल तर तिथे लग्नसराईत मंडप आणि एरवी गाड्या. ज्या पोराला गावाने पळायला जागा ठेवली नाही, त्याला घरात काकडी खायला घालून बारीक करायचं, हा आपला उपाय आहे.

तिसरं, शाळेच्या गेटसमोरची दुकानं. जास्त तेल, साखर, मीठ असलेले पदार्थ शाळेच्या आवारापासून ५० मीटरच्या आत विकायचे नाहीत, असा अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा २०२० चा नियम आहे. राज्य सरकारने त्याआधीच, मे २०१७ मध्ये, शाळेच्या उपाहारगृहातून जंक फूड काढायला सांगितलं होतं. आपल्या गेटसमोर जाऊन पावलं मोजा, पन्नास मीटरमध्ये किती पुड्यांच्या माळा लटकतात ते दिसेल. पण नियम दाखवून त्या मावशींची टपरी उचलायला लावणं हा उपाय नाही, तिच्यावर एक घर चालतं. पुडा ती विकते कारण पुडा सडत नाही आणि पेरू संध्याकाळपर्यंत मऊ पडतो. शाळेने मधल्या सुट्टीसाठी रोज ठरावीक फुटाणे, शेंगा, पेरू, उकडलेली अंडी यांची मागणी त्यांच्याकडे दिली, पालक संघाने उरलेला माल घ्यायची हमी दिली, तर मावशी माल बदलतील. मी त्यांच्याशी बोललो आहे. त्या म्हणाल्या, "मला काय, जे खपंल ते ठेवीन."

तेव्हा पुढच्या पालकसभेत 'माझ्या पोराचं वजन कसं कमी करू' हा प्रश्न बाजूला ठेवा आणि शाळेला तीन प्रश्न विचारा. एक, गेल्या महिन्यात पीटीचे किती तास झाले आणि किती दुसऱ्या विषयाला गेले, हे लेखी सांगाल का? दोन, संध्याकाळी साडेपाच ते सात मैदान उघडं ठेवायला काय लागेल? माणूस लागत असेल तर पालकांनी आठवड्याची पाळी लावून घ्यावी, माझं नाव पहिलं लिहा. तीन, प्रगतिपुस्तकावर उंची आणि वजनाचे जे रकाने असतात, ते खरंच मोजून भरता का, की मागच्या वर्षीच्या आकड्यात अंदाजे भर घालता? कारण त्या दोन रकान्यांवरच वर सांगितलेलं सगळं गणित उभं आहे. वर्षातून दोनदा नीट मोजलेली उंची आणि वजन, एवढं पुरतं. दर रविवारी पोराला काट्यावर उभं करायची गरज नाही.

ज्यांच्या घरात सध्या फ्रिजवर तक्ता चिकटलेला आहे, त्यांनी तो काढून ठेवा आणि सोमवारी साडेपाचला भाकरी झाकून ठेवा. मैदानाच्या कुलपाचं काय झालं ते पुढच्या पोस्टमध्ये लिहीन.